मशिदीचा नकाशा कसा वाचावा?

(मशीद तुम्ही रोज पाहता. तिच्या आत कुठे काय असते, हेही तुम्हांला ठाऊक असते. पण तीच मशीद कागदावर रेघांनी काढलेली दिसली, तर ती तुम्हांला ओळखता येईल का? नकाशातील रेघा पाहून इमारत कशी ओळखावी, हे या पाठात सांगितले आहे.)



समजा, तुमच्या मोहल्ल्यातील मशीद वाढवायची आहे. कमिटीने नवीन नकाशा दाराजवळ लावला आहे. येणारे-जाणारे त्याच्यासमोर थांबतात, "छान आहे" म्हणतात आणि पुढे जातात. खरे तर बहुतेकांना त्या रेघांतून काहीच कळलेले नसते. भिंती उभ्या राहिल्यावर मग कोणी म्हणतो, "अरे, वुजूची जागा इथे कशी? ओल्या पायांनी सगळ्यांना सहनातून जावे लागेल!" कागदावरची रेघ खोडरबराने पुसता येते. विटांची भिंत मात्र पाडावी लागते. म्हणून नकाशा वेळेवर वाचता आला पाहिजे.

मग चला, चौकटीची वही, पट्टी आणि पेन्सिल घ्या. आपण वाचता वाचता एक छोटा नकाशा काढू या. हा नकाशा फक्त सरावासाठी आहे. वहीतील एक चौकट म्हणजे जमिनीवरचा एक मीटर, असे आपण ठरवू. यालाच नकाशाचे प्रमाण म्हणतात.

नकाशा म्हणजे काय?

पुठ्ठ्याचे एक खोके घ्या. त्याला दार आणि खिडक्या कापा. आता ते खोके जमिनीपासून थोड्या उंचीवर आडवे कापा, वरचा भाग बाजूला ठेवा आणि उरलेल्या भागाकडे वरून पाहा. काय दिसते? भिंतींच्या कापलेल्या कडा दिसतात. दाराच्या जागी कडा तुटलेली असते. मधली मोकळी जागा म्हणजे खोली. इमारतीचा नकाशाही असाच असतो. इमारत साधारण छातीइतक्या उंचीवर आडवी कापली, तर वरून जे दिसेल ते नकाशात काढतात.

म्हणून तीन खुणा लक्षात ठेवा. जाड रेघ म्हणजे कापली गेलेली भिंत किंवा खांब. जाड रेघेतील फट म्हणजे दार. आणि तुटक रेघ म्हणजे डोक्यावर असलेली वस्तू, जसे घुमट किंवा कमान. नवखा वाचक येथेच फसतो. तुटक रेघेचे मोठे वर्तुळ पाहून त्याला वाटते, की येथे गोल भिंत आहे. तसे नसते. तेथे जमीन मोकळी असते आणि वर घुमट असतो.

आधी किबल्याची भिंत शोधा

आता वहीत एक आयत काढा. तो १२ चौकटी रुंद आणि ६ चौकटी उंच असू द्या. हा झाला आपल्या मशिदीचा नमाजचा दालनभाग. आयताच्या बाजूला एक बाण काढा. त्याचे टोक उजवीकडे ठेवा आणि टोकाशी 'उ' लिहा. 'उ' म्हणजे उत्तर. बाण उजवीकडे आहे, म्हणजे कागदाची वरची बाजू कोणती? पश्चिम! कागदाची वरची बाजू नेहमी उत्तरच असते, असे समजू नका. आधी बाण पाहा, मग नकाशा वाचा.

नमाजच्या वेळी तोंड मक्का शहरातील काबागृहाकडे असते. त्या दिशेला किबला म्हणतात. नाशिकहून मक्का जवळजवळ पश्चिमेला आहे. म्हणून आपल्या नकाशातील वरची भिंत ही किबल्याची भिंत होय. मशिदीच्या नकाशात सर्वांत आधी हीच भिंत शोधायची असते, कारण बाकी सगळी इमारत तिच्या आधाराने मांडलेली असते.

बाण नसेल तर ही भिंत कशी ओळखावी? सोपे आहे. चारही भिंतींत दारे कोठे आहेत, ते पाहा. किबल्याच्या भिंतीत सहसा ये-जा करण्याचे मोठे दार नसते. नमाजची पहिली रांग म्हणजे सफ या भिंतीजवळ असते. तिच्या समोरून लोक ये-जा करू लागले, तर कसे चालेल? म्हणून माणसे समोरच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून किंवा बाजूंनी आत येतात. आपल्या वहीतही आयताच्या खालच्या रेघेत तीन फटी ठेवा. ही दालनाची दारे झाली.

आता थोडे बारकाईने पाहू. नाशिकहून किबला अगदी सरळ पश्चिमेला नाही. तो पश्चिमेपासून सुमारे ९ अंश उत्तरेकडे आहे. पृथ्वीच्या गोलावर नाशिक ते मक्का असा दोरा ताणून धरा. नाशिकजवळ दोरा थोडा उत्तरेकडे झुकलेला दिसेल. ९ अंश म्हणजे किती? आपली १२ मीटरची भिंत ९ अंशांनी फिरवली, तर तिचे एक टोक जवळजवळ १.९ मीटर सरकते. हे अंतर एका उंच माणसाएवढे आहे.

यामुळेच काही नकाशांत एक गोष्ट विचित्र वाटते. बाहेरची भिंत रस्त्याला धरून सरळ असते, पण आतल्या फरशीवर सफांच्या रेघा तिरप्या काढलेल्या असतात. ही चूक नव्हे. जागा रस्त्याप्रमाणे मिळाली आणि सफा किबल्याप्रमाणे आखल्या, असा त्याचा अर्थ आहे. उलट, कित्येक जुन्या मशिदी सरळ पश्चिमेकडे तोंड करून आहेत. हनफी फिकहप्रमाणे काब्यापासून दूर राहणाऱ्यांनी त्याच्या दिशेकडे तोंड केले, तरी पुरते. म्हणून थोडा फरक दिसला की लगेच वाद घालू नका. आणि होकायंत्राने दिशा पाहायची असेल, तर लोखंडी सळयांच्या खांबाजवळ उभे राहू नका. लोखंडामुळे सुई भलतीकडे वळते.

मेहराब : दार नव्हे, कोनाडा

वरच्या भिंतीच्या बरोबर मध्यभागी बाहेरच्या बाजूला फुगलेला एक छोटा अर्धगोल काढा. हा मेहराब. मेहराब म्हणजे किबल्याच्या भिंतीतील मोठा कोनाडा. तो किबल्याची दिशा दाखवतो.

नकाशात मेहराब आणि दार यांत घोटाळा होऊ शकतो, कारण दोन्ही ठिकाणी भिंतीची रेघ बदललेली असते. मग फरक कसा ओळखावा? भिंतीवरून बोट फिरवा. बोट भिंतीच्या आरपार बाहेर गेले, तर ते दार. बोट आत शिरून मागच्या भिंतीला अडले, तर तो मेहराब. मेहराबाची पाठ नेहमी बंद असते. त्याच्या मागे भिंत काही वेळा बाहेर फुगलेली असते. म्हणून रस्त्यावरून चालतानाही मशिदीची मागची भिंत कोठे पुढे आली आहे, हे पाहून मेहराब ओळखता येतो.

या कोनाड्याचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. इमाम मेहराबासमोर उभे राहतात आणि सिजद्याची जागा कोनाड्यात येते. कोनाडा नसता, तर इमामांसाठी भिंतीपुढे पूर्ण एका सफेची जागा सोडावी लागली असती.

मेहराबाच्या उजव्या हाताला, म्हणजे किबल्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर जो उजवा हात येतो तिकडे, दोन-तीन समांतर रेघा काढा. या मिंबरच्या पायऱ्या आहेत. येथून जुम्याचा खुतबा देतात. पायऱ्या दिसल्या की मिंबर आणि मिंबर दिसले की मेहराब, अशी ओळख पटते.

दालन रुंद का असते?

तुम्ही पाहिले असेल, की मशिदीचे दालन बहुधा खोल कमी आणि रुंद जास्त असते. याचे कारण सफेत आहे. खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या एका माणसाला साधारण ६० सेंटिमीटर जागा लागते. सिजदा करता यावा म्हणून एका सफेला मागे-पुढे साधारण १२० सेंटिमीटर जागा लागते.

आता हिशेब करा. आपले दालन १२ मीटर रुंद आहे, म्हणून एका सफेत २० माणसे मावतील. ते ६ मीटर खोल आहे, म्हणून ५ सफा होतील. एकूण १०० माणसे झाली.

हेच दालन फिरवून ६ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल केले तर? एका सफेत १० माणसे आणि सफा १०. माणसे पुन्हा १००च! मग फरक काय पडला? पहिल्या सफेत २० ऐवजी १०च माणसे उभी राहू शकली. आणि शेवटचा माणूस इमामांपासून दुप्पट दूर गेला. त्याला आवाज ऐकू येणे कठीण झाले. म्हणून जागा मिळाली, की बांधणारे रुंद दालन पसंत करतात. नकाशात आयताची लांब बाजू कोणती, हे पाहिले की किबल्याच्या भिंतीचा आणखी एक पुरावा मिळतो.

सहन आणि वुजूची जागा

दालनाच्या खाली १२ चौकटी रुंद आणि ८ चौकटी उंच असा दुसरा आयत काढा. हे सहन, म्हणजे उघडे अंगण. ते पूर्वेला, दालनासमोर असते. सहनाच्या वर छप्पर नसते, म्हणून नकाशात येथे खांबही नसतात आणि तुटक रेघाही नसतात. जुम्याला किंवा ईदला दालन भरले, की सफा सहनात येतात. म्हणून सहनाची रुंदी दालनाएवढी असली, तर मागच्या सफा पुढच्या सफांच्या बरोबर मागे येतात.

सहनाच्या खालच्या रेघेत मुख्य दार ठेवा. आता वुजूची जागा कोठे असावी? माणूस जसा आत येतो, तसे बोट फिरवून पाहा. तो रस्त्यावरून येतो, चपला काढतो, वुजू करतो, मग सफेत उभा राहतो. वुजूची जागा या वाटेवर, दाराजवळ आणि बाजूला हवी. वहीत सहनाच्या डाव्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, खालच्या टोकापासून ६ चौकटी लांब अशी एक पट्टी काढा. एका नळासाठी ७५ सेंटिमीटर जागा धरली, तर तेथे ८ नळ बसतील.

वुजूच्या जागेत नकाशावर लहान चौकोनांची एक रांग दिसते. त्या बसण्याच्या बैठका आहेत. बैठकांसमोरच्या दोन समांतर रेघा म्हणजे पाणी वाहून नेणारी मोरी. मोरीजवळ एक बारीक बाण असतो. तो जमिनीचा उतार दाखवतो. हा बाण अवश्य पाहा. तो नमाजच्या जागेकडे वळलेला असेल, तर वापरलेले पाणी तिकडेच जाईल. असा नकाशा लगेच दुरुस्त करून घ्यावा.

जुन्या मशिदींत नळ नव्हते. तेथे सहनात हौद असे. मराठीतला 'हौद' आणि तुमचा 'हौज' हे एकच शब्द आहेत. हे हौद इतके मोठे का असत? हनफी फिकहप्रमाणे १० हात लांब आणि १० हात रुंद हौदातील पाणी मोठे पाणी मानले जाते. अनेक जणांनी तेथे वुजू केले, तरी पाणी वापरण्याजोगे राहते. उर्दूत याला 'दह दर दह' म्हणतात. नकाशात हौद म्हणजे सहनातील चौकोन. त्याला खोली समजू नका. खोलीला जाड भिंती आणि दार असते. हौदाच्या कडा बारीक रेघांनी काढतात आणि त्याला दार नसते.

एक मोठा नकाशा : विजापूरची जामा मशीद

छोटा नकाशा जमला. आता मोठा वाचू. सोलापूरच्या दक्षिणेला कर्नाटकात विजापूर शहर आहे. आता त्याचे नाव विजयपूर आहे. तेथील जामा मशीद अली आदिलशाह पहिला (१५५८ ते १५८०) याच्या काळात बांधायला घेतली.

तिच्या नकाशात प्रथम पश्चिमेची लांब भिंत शोधा. तिच्या मध्यभागी मेहराब आहे. भिंतीसमोर सुमारे २०० फूट रुंद आणि १०० फुटांहून थोडे अधिक खोल असे दालन आहे. खोलीच्या जवळजवळ दुप्पट रुंदी! आपण वर पाहिलेला नियम येथेही दिसतो.

दालनात खांबांमुळे चौकोनी खण पडले आहेत. रुंदीत ९ खण आणि खोलीत ५ खण आहेत. म्हणजे एकूण ४५ खण झाले. पण मध्यभागी नीट पाहा. तेथे ३ गुणिले ३, असे ९ खण एकत्र केलेले आहेत. या ९ खणांच्या आत ४ खांब यायला हवे होते. नकाशात ते नाहीत. फक्त कडेने १२ खांब आहेत. आतले खांब का काढले? कारण वर एक भला मोठा घुमट आहे. कडेच्या खांबांवरील कमानी एकमेकींना छेदतात आणि तो घुमट तोलून धरतात. उरलेल्या ३६ खणांवर लहान घुमट आहेत. ते इतके बसके आहेत, की बाहेरून दिसत नाहीत. पाहा, खांब कोठे नाहीत, यावरून छत कसे आहे हे कळले!

आता माणसांचा हिशेब करू. २०० गुणिले १०० म्हणजे २०,००० चौरस फूट. एका नमाजीला २ फूट रुंद आणि ४ फूट लांब, म्हणजे ८ चौरस फूट जागा धरू. २०,००० भागिले ८ म्हणजे २,५०० माणसे. त्यांतून जाड खांबांची आणि वाटांची जागा वजा करायला हवी. या मशिदीच्या फरशीवर एकेका माणसासाठी मुसल्ले आखलेले आहेत. त्यांची संख्या सव्वादोन हजारांच्या आसपास आहे. वहीतला आपला हिशेब प्रत्यक्ष फरशीशी किती जुळला!

दालनाच्या पूर्वेला चौकोनी सहन आहे. त्याची एक बाजू सुमारे १५५ फूट आहे. सहनाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सात-सात कमानींच्या ओवऱ्या आहेत. सहनात हौद आहे. किबल्याची भिंत, मेहराब, दालन, सहन, हौद हा क्रम तुमच्या वहीतल्याप्रमाणेच आहे. फक्त आकार मोठा आहे.

पण नकाशा सगळेच सांगत नाही. या मशिदीचा मेहराब १६३६ मध्ये मुहंमद आदिलशाहाच्या काळात सोनेरी आणि रंगीत नक्षीने सजवला गेला. नकाशात मात्र तेथे एक साधा कोनाडा दिसतो. घुमटाची उंचीही नकाशात कळत नाही. त्यासाठी उभा छेद आणि चित्रे पाहावी लागतात.

सहन नसेल तर?

आता एक परीक्षा. कर्नाटकातच कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचे गुलबर्गा, येथील किल्ल्यात १३६७ ची जामा मशीद आहे. तिच्या नकाशात सहन सापडतच नाही. संपूर्ण मशीद छताखाली आहे. मग ती वाचायची कशी? सहनापासून सुरुवात करणारा वाचक येथे अडेल. तुम्ही अडणार नाही. तुम्ही भिंतीवरून बोट फिरवाल, पाठ बंद असलेला कोनाडा शोधाल. त्याच्यासमोर मोठ्या घुमटाची तुटक रेघ दिसेल. झाले, किबला सापडला!

सहन असेल किंवा नसेल, हौद असेल किंवा नळ असतील. किबल्याची भिंत मात्र प्रत्येक मशिदीत असणारच. म्हणून नकाशा हाती आला, की तिच्यापासून सुरुवात करा. मग मोहल्ल्यातील नव्या नकाशासमोर उभे राहून तुम्ही नुसते "छान आहे" म्हणणार नाही. "या मोरीचा उतार कोणीकडे आहे?" असेही विचाराल.

शब्दार्थ

दिशा – सिम्त
पश्चिम – मगरिब
उत्तर – शुमाल
पूर्व – मशरिक
दक्षिण – जुनूब
रांग – सफ, कतार
अंगण – सहन
कोनाडा – ताक
खांब – सुतून
घुमट – गुंबद
खण – चार खांबांमधली चौकोनी जागा
ओवरी – अंगणाच्या कडेची छप्पर असलेली, पुढून उघडी जागा
मोरी – सांडपाणी वाहून नेणारी नाली
उतार – ढलान
बसका – कमी उंचीचा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नकाशातील तुटक रेघ काय दाखवते?
(आ) नाशिकहून किबला पश्चिमेपासून किती अंश आणि कोणत्या दिशेकडे आहे?
(इ) विजापूरच्या जामा मशिदीत मधल्या घुमटाखाली किती खण एकत्र केले आहेत?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) किबल्याच्या भिंतीत सहसा मोठे दार नसते.
(आ) मशिदीचे दालन खोल कमी आणि रुंद जास्त असते.
(इ) काही मशिदींत सफांच्या रेघा भिंतीला तिरप्या असतात.

प्र. ३. फरक सांगा.
(अ) नकाशातील दार आणि मेहराब
(आ) नकाशातील खोली आणि हौद

प्र. ४. हिशेब करा.
एक दालन १५ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल आहे. एका माणसाला ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब जागा लागते. एका सफेत किती माणसे मावतील? सफा किती होतील? एकूण माणसे किती?

प्र. ५. 'मशीद – मशिदीचा – मशिदीत' याप्रमाणे 'भिंत', 'हौद' आणि 'नकाशा' या शब्दांची रूपे लिहा.

उपक्रम : तुमच्या मोहल्ल्यातील मशिदीत मोठ्यांची परवानगी घेऊन दालन आणि सहन पावलांनी मोजा. एक पाऊल म्हणजे किती सेंटिमीटर, हे आधी पट्टीने मोजून घ्या. मग चौकटीच्या वहीत नकाशा काढा. उत्तरेचा बाण आणि मोरीच्या उताराचा बाण दाखवायला विसरू नका.